सहा अंड्यांचा स्पंज अचानक का बसला? सांगलीतलं एक प्रकरण

ओळखीतल्या एक वहिनी आहेत, सांगलीत घरूनच केकच्या ऑर्डरी घेतात. मेच्या शेवटी त्यांचा फोन आला की व्हॅनिला स्पंज बिघडायला लागलाय, आणि हा तोच स्पंज ज्याच्यावर त्यांचं अर्धं गिऱ्हाईक टिकून आहे. वाढदिवसाचा दीड किलोचा केक गेला आणि दुसऱ्या दिवशी त्या घरून निरोप की केक छान होता पण आतून कोरडा लागला जरा. पुढच्या ऑर्डरीला त्यांनी सिरप जास्त मारलं, कोरडेपणा झाकला गेला, पण स्पंजची उंचीच नाही, मध्ये फुगवटा येऊन वर तडा गेलेला, तो कापून टाकला तर तीन लेयरऐवजी जेमतेम दोन निघाले.

रेसिपी अमेरिकन साईटवरची, बरीच वर्षं करतायत. बेकिंग पावडर नाही, सगळा फुगारा अंड्याच्या फेसावर. सहा लार्ज अंडी, १८० ग्रॅम साखर, १८० ग्रॅम मैदा, ४५ ग्रॅम तेल, ४५ ग्रॅम दूध आणि ९ इंची गोल टिन. अंडी आणि साखर एकत्र फेटायची, बीटर उचलल्यावर रिबन पडून क्षणभर वरती टिकली पाहिजे, मग मैदा चाळून कट अँड फोल्ड, शेवटी तेल आणि दूध. ह्यात साखर, मैदा, तेल, दूध सगळं काट्यावर मोजलेलं, फक्त एकच गोष्ट नगावर, ती म्हणजे अंडी. मला तिथेच शंका आली होती पण फोनवर लगेच बोललो नाही कारण वहिनींनी आधीच ओटीजीला दोषी ठरवून टाकलं होतं.

ओटीजीचं म्हणणं सोडवायला फार वेळ लागला नाही. त्यांच्याकडे आत ठेवायचा थर्मामीटर आहे, १७० ला लावल्यावर १६८-१७२ मध्ये खेळत होता, म्हणजे ठीक. दुसरा संशय मैद्यावर, कारण नवीन ब्रँड आणला होता, तर त्यांनी जुन्या पाकिटातला उरलेला मैदा वापरून बघितला, फरक शून्य. तिसरा संशय उकाड्यावर, म्हणजे फेस टिकत नाही वगैरे. पण गरम हवेत अंडं उलट लवकर फेसाळतं, म्हणून तर लोक अंडी साखर कोमट पाण्यावर धरतात, तेव्हा ते कारण मला पटलं नाही. मग मी विचारलं की फेस भांड्यात कुठपर्यंत येतोय? त्यांचं फेटायचं भांडं ठरलेलं आहे, स्टीलचं, त्याला आतून एक पोचा आहे आणि फेस नेहमी त्या पोच्याच्या वर जायचा. आता येत नाही म्हणाल्या, बोटभर खाली राहतो, आणि मैदा घातला की बॅटर घट्ट होतं, फोल्ड करताना जोर लावावा लागतो.

हे ऐकल्यावर मग सरळ सांगितलं, वहिनी अंडी मोजा. "अहो मोजूनच घेते, सहा," म्हणाल्या. नाही, काट्यावर मोजा.

"अंडी तर त्याच दुकानातली आहेत, नेहमीचीच."

दुकान नेहमीचं असेल पण कोंबडी नेहमीची नसते. असो. त्यांनी आख्खा ट्रे काट्यावर ठेवला, मग अंडी काढून रिकामा ट्रे ठेवला, आणि वजा केल्यावर ३० अंड्यांचं वजन आलं १३२० ग्रॅम. म्हणजे सरासरी ४४ ग्रॅमचं एक अंडं, तेही टरफलासकट. एकेक ठेवून बघितलं तर सगळ्यात बारीक ४० चं आणि सगळ्यात मोठं ४८ चं. ट्रेची पद्धत मला आवडते कारण घरगुती काटा एक ग्रॅमच्या पुढेमागे होतोच आणि एका अंड्यावर ती चूक मोठी दिसते, तीसवर पसरली की काही राहत नाही.

आता ही ४४ ग्रॅम नेमकी किती कमी आहेत ते कळायला रेसिपीतलं लार्ज म्हणजे काय ते बघावं लागतं, आणि इथेच बहुतेक जण फसतात कारण लार्ज हा शब्द प्रत्येक देशात वेगळ्या वजनाला लावलाय. अमेरिकेत साईज डझनाच्या वजनावर ठरते, लार्जच्या डझनाचं कमीत कमी वजन २४ औंस, म्हणजे ६८० ग्रॅम, एका अंड्याला साधारण ५७. तिथली मीडियम ५० च्या आसपास सुरू होते आणि एक्स्ट्रा लार्ज ६४ च्या आसपास. इंग्लंड आणि युरोपात मात्र एकेका अंड्याचं वजन बघतात, ५३ ते ६३ मीडियम, ६३ ते ७३ लार्ज, त्याच्या वर एक्स्ट्रा लार्ज आणि ५३ च्या खाली स्मॉल. म्हणजे अमेरिकन लार्ज हे इंग्लंडमध्ये मीडियमच्या डब्यात जातं. आपल्याकडे ॲगमार्कची सरकारी प्रतवारी आहे, ६० आणि वर एक्स्ट्रा लार्ज, ५३ ते ५९ लार्ज, ४५ ते ५२ मीडियम, ३८ ते ४४ स्मॉल. कागदावर आपलं लार्ज अमेरिकन लार्जच्या जवळ जातं, फक्त अडचण अशी की कोपऱ्यावरच्या दुकानात जो उघडा ट्रे असतो त्याच्यावर कुठली प्रत ते लिहिलेलंच नसतं. अंडी समन्वय समितीचा, म्हणजे एनईसीसीचा, जो रोजचा भाव येतो तोही शंभर नगांचा. आपण अंडं नगावर विकतो, नगावर घेतो आणि नगावरच रेसिपीत घालतो, वजन मध्ये कुठे येतच नाही.

वहिनींची ४४ ग्रॅमवाली म्हणजे आपल्याच प्रतवारीतली स्मॉल. आणि नेहमी त्या दुकानातून काय यायचं? ते कोणी कधी मोजलेलं नाही, पण स्पंज जमत होता त्यावरून ५५ च्या पुढेमागे असणार.

टरफलाचा हिशोब सोपा आहे. टरफल आणि आतला पापुद्रा मिळून अंड्याच्या वजनाच्या ११-१२ टक्के जातात, म्हणून टरफलासकट वजनाला ०.८८ ने गुणलं की आतला माल मिळतो. अमेरिकन लार्जचा आतला माल ५० ग्रॅम धरायचा, त्यात पांढरं ३२-३३ आणि बलक १७-१८. सहा अंड्यांचे ३०० ग्रॅम. वहिनींच्या एका अंड्यात माल ३८.७ ग्रॅम, सहाचे २३२. म्हणजे रेसिपीत ६८ ग्रॅम अंडं कमी पडत होतं, त्यांच्याच अंड्यात बोलायचं तर पावणेदोन अंडी. सहा अंड्यांचा केक प्रत्यक्षात साडेचार अंड्यांचा होत होता आणि साखर मैदा मात्र सहाचा.

आता अंडी बारीक का झाली, तर ह्याची दोन कारणं असू शकतात आणि उन्हाळ्यात दोन्ही एकदम जमून येऊ शकतात. एक म्हणजे कोंबडीचं वय. पोल्ट्रीतली कोंबडी साधारण १८ ते २० आठवड्यांची झाली की अंडी द्यायला लागते आणि सुरुवातीची अंडी बारीकच असतात, चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमची, मग पुढचे दोन-तीन महिने वजन चढत जातं. फार्मवर जुना लॉट काढून नवा लॉट भरला की त्या फार्मची अंडी काही आठवडे बारीक येणार, त्याला धंद्यात पुलेटची अंडी म्हणतात. दुसरं म्हणजे उकाडा. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकून अंग थंड करते आणि खाणं कमी करते, खाणं कमी म्हणजे अंडं लहान. शिवाय धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि टरफलाला लागणारा कॅल्शियम कार्बोनेट नीट तयार होत नाही, म्हणून उन्हाळ्यात अंडी फुटतातही जास्त. वहिनींनी मग सांगितलं की हो, ह्या महिन्यात ट्रेमध्ये तडकलेली पण जास्त निघतायत. पुलेटचं टरफल मात्र सहसा टणक असतं, त्यामुळे त्यांच्या बाबतीत उकाड्याचा वाटा नक्की होता एवढं म्हणता येईल. गावरान अंड्यांचं वेगळंच, ती बारमाही बारीक, ४० च्या आसपास, आणि चवीला कितीही कौतुक असलं तरी रेसिपीत नगाला नग घातली की हाच घोटाळा.

६८ ग्रॅम कमी पडल्याने स्पंजचं एवढं का बिघडावं हा प्रश्न वहिनींनीही विचारला, कारण कुकीजमध्ये त्यांना हा त्रास कधीच जाणवला नव्हता, अंडी तीच असून. उत्तर एकूण बॅटरमध्ये अंड्याचा वाटा किती ह्यात आहे. ह्या स्पंजचं सगळं मिळून बॅटर ७५० ग्रॅम, त्यात अंडं ३००, म्हणजे ४० टक्के. कुकीजच्या सहाशे ग्रॅम पिठात एक अंडं, त्यात दहा ग्रॅम इकडेतिकडे झालं तर कोणाला कळणार पण नाही. आणि स्पंजमध्ये अंडं एकाच वेळी तीन कामं करतं. अंड्यात तीन-चतुर्थांश पाणी असतं, तेव्हा ६८ ग्रॅम अंडं गेलं म्हणजे ५० ग्रॅम पाणी गेलं, रेसिपीत दूध आहेच फक्त ४५, त्याच्यापेक्षा जास्त पाणी न सांगता कमी झालं. मैद्याला पाणी पुरलं नाही, म्हणून कोरडेपणा. दुसरं काम फेसाचं, हवा धरून ठेवणारं प्रोटीन अंड्यातलंच, ते कमी म्हणजे फेस कमी, आणि तेवढ्याच कमी फेसाला पूर्ण १८० ग्रॅम मैदा उचलायचाय. घट्ट बॅटर जोर लावून फोल्ड केलं की होता तो फेस पण बसतो. तिसरं काम भाजताना घट्ट होऊन सांगाडा उभा करायचं. त्यात साखरेचं प्रमाणही बिघडलं, १०० ग्रॅम अंड्याला ६० ग्रॅम साखर असायची ती ७८ झाली, आणि जास्त साखरेचा फेस जड, चिकट, वर यायला वेळ घेणारा. वहिनी म्हणाल्या की बीटर नेहमीपेक्षा जास्त वेळ चालवावा लागतोय, ते ह्याच्यामुळेच. घट्ट बॅटर कडेने आधी सेट होतं आणि मधलं नंतर जोर करून वर येतं, म्हणून तो फुगवटा आणि तडा.

थोडक्यात अंडी कमी पडल्याचं ओळखायला ओव्हनपर्यंत जायची गरजच नाही, फेस ठरलेल्या खुणेच्या खाली राहिला आणि फोल्ड करताना स्पॅच्युला जड लागला की तिथेच थांबायचं.

थांबून मग काय करायचं? वहिनींनी मला विचारायच्या आधी एकदा दूध वाढवून बघितलं होतं, ५० मिली. हिशोबाने पाणी जवळजवळ भरलं गेलं खरं, पण स्पंज ओलसर आणि जड झाला, तळाला गच्च थर आला. कारण पाणी परत आलं पण प्रोटीन आणि फेस परत आला नाही, पातळ केलेल्या बॅटरमध्ये हवा तेवढीच. बटर केक असता, ज्यात बेकिंग पावडर फुगवण्याचं काम करते, किंवा मफिन, पॅनकेक असते तर दोन-तीन चमचे दूध घालून काम निभावलं असतं, तिथे मी स्वतः तेच करतो. फेसावरच्या स्पंजला हा उपाय नाही.

खरे उपाय दोनच, एक तर अंडं वाढवून ३०० करा, नाहीतर बाकी सगळं कमी करून २३२ ला बसवा.

पहिल्या उपायासाठी वहिनींना सांगितलं की सहा हा आकडा विसरा, ३०० ग्रॅम लक्षात ठेवा. फोडायच्या आधी अंदाज घ्यायचा असेल तर ३०० ला ०.८८ ने भागा, ३४० च्या आसपास येतं, म्हणजे काट्यावर टरफलासकट ३४० ग्रॅम होईपर्यंत अंडी ठेवत जा. (अमेरिकन लार्जच्या अर्ध्या डझनाचं किमान वजन पण ३४० च येतं, हिशोब जुळतोय.) त्यांच्या ट्रेतल्या आठ अंड्यांचं वजन ३५२ झालं, फोडल्यावर ३१०. दहा ग्रॅम जास्त. त्या चमच्याने काढायला निघाल्या होत्या, मी म्हटलं राहू द्या. माझ्या मते अंड्यात पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो, तीनशेला पंधरा ग्रॅम, त्याच्या आतलं काढत बसू नये. फेस पोच्याच्या वर गेला, रिबन नेहमीच्या वेळेत पडली, स्पंज पूर्वीसारखा सपाट आणि उंच.

फरक पंधराच्या वर असेल तेव्हा काढायचं कसं हे पण सांगतो, कारण लोक इथे अर्धा बलक कापत बसतात. सगळी अंडी एका भांड्यात फोडायची, काट्याने किंवा चमच्याने पांढरं आणि बलक एकजीव होईपर्यंत हलवायचं, फेस न आणता, फेस आला की नेमकं तेवढंच ओतून काढणं जड जातं. मग जास्तीचं ओतून काढायचं. उरलेलं झाकून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी ऑम्लेटला. फेटायच्या आधी असं हलवल्याने स्पंजच्या फेसाला काही होत नाही. पण जिथे पांढरं वेगळं फेटायचंय, शिफॉन केक किंवा मेरिंग्यू, तिथे असं मिसळून चालणार नाही, बलकाचा थेंब गेला तरी पांढरं नीट फेसाळत नाही, तिथे आधी वेगळं करून पांढऱ्याचं आणि बलकाचं वजन स्वतंत्र घ्यायचं.

दुसरा उपाय त्यांना पुढच्याच आठवड्यात लागला, फ्रीजमध्ये सहाच अंडी आणि रात्रीची ऑर्डर, दुकान बंद. सहा अंड्यांचा माल निघाला २३२. भागिले ३००, म्हणजे ०.७७. मग साखर १३९, मैदा १३९, तेल आणि दूध ३५-३५. इथे एक गोष्ट विसरायची नाही ती टिनची. तेवढंच बॅटर ९ इंचीत ओतलं तर पातळ पसरून कोरडं होणार. गोल टिनचा हिशोब व्यासाच्या वर्गावर चालतो, ९ चा वर्ग ८१, ८ चा ६४, चौसष्ट भागिले एक्क्याऐंशी ०.७९. म्हणजे ८ इंची टिन जवळजवळ तंतोतंत बसतो, आणि उंची तीच राहिल्यामुळे भाजायला वेळही साधारण तोच लागतो, दोन-तीन मिनिटं आधीपासून सळई टोचून बघायची एवढंच. ऑर्डर किलोची होती म्हणून ८ इंची चाललं, दीडची असती तर नसतं चाललं.

ह्या प्रकरणाची उलटी बाजू वहिनींच्या नणंदेकडे सापडली. नणंद इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, वहिनींचीच रेसिपी तिनं वहीतून फोटो काढून नेलेली. तिचा स्पंज ओव्हनमध्ये टोपीसारखा वर यायचा आणि बाहेर काढला की मध्ये खचायचा, कडेने टिन सोडून आत ओढला जायचा, वरची साल सुरकुतलेली, तळाला अर्धा सेंटिमीटर रबरासारखा थर आणि अंड्याचा वास. ती आतापर्यंत समजत होती की तिकडच्या मैद्यात काहीतरी वेगळं आहे. मैद्यात फरक असतोही, पण इथे आधी डबा बघायला सांगितला. रेसिपीत लार्ज लिहिलंय म्हणून ती सुपरमार्केटमधून लार्जचा डबा आणायची, तिकडचं लार्ज म्हणजे सरासरी ६८ ग्रॅम, आतला माल ६०, सहाचे ३६०. साठ ग्रॅम जास्त, म्हणजे अमेरिकन हिशोबाने सातवं अंडं आणि वर थोडं. फेस भरपूर, पण तो उभा धरायला मैदा पुरेसा नाही, म्हणून वर येऊन खाली बसतो, आणि न धरलेलं अंडं तळाला जाऊन घट्ट होतं. तोच रबरी थर.

तिच्यासाठी उपाय वहिनींपेक्षा सोपा निघाला. एक तर लार्जची पाचच घ्यायची, पाच गुणिले साठ बरोबर तीनशे. नाहीतर मीडियमचा डबा आणायचा, सरासरी ५८ चं अंडं, माल ५१, सहाचे ३०६. तिनं दुसरा पर्याय घेतला कारण वहीत सहा लिहिलंय आणि तिला ते तसंच ठेवायचंय. माझी हरकत नाही. फक्त हे लक्षात ठेवायचं की ब्रिटिश रेसिपीत लार्ज लिहिलं असेल आणि ती आपण सांगलीत करत असू तर फरक अजून वाढतो, तिथल्या अंड्यात माल ६० ग्रॅम आणि इथल्या बारीक अंड्यात ३८.७, तीन अंड्यांच्या जागी जवळजवळ पाच लागतील. मात्र ब्रिटिश व्हिक्टोरिया स्पंजची जी जुनी पद्धत आहे तिथे हा प्रश्नच येत नाही, त्यात अंडी टरफलासकट तोलतात आणि जेवढं वजन भरेल तेवढंच बटर, तेवढीच साखर, तेवढाच मैदा. बारीक अंडी असली तर केक लहान होतो पण प्रमाण सुटत नाही. ज्याला ग्रॅमचे आकडे पाठ करायचे नसतील त्यानं ह्या पद्धतीकडे जरूर बघावं, एकदा अंडी तोलली की बाकीचं त्यावरून ठरतं.

एक ठिकाण असं आहे जिथे नुसतं एकूण वजन भरून चालत नाही, जिथे फक्त बलक लागतात. तरुण कोंबडीच्या अंड्यात बलक प्रमाणातही कमी असतो, कोंबडीचं वय वाढेल तसा बलकाचा वाटा वाढतो. त्यामुळे पुलेटच्या ४४ ग्रॅमच्या अंड्यात बलक १२ ग्रॅमच्या आसपासच भरतो, लार्जमध्ये १७-१८ असतो. चार बलकांचं कस्टर्ड असेल तर सत्तर ग्रॅमच्या जागी अठ्ठेचाळीस, हे तर तिसरा हिस्सा गायब, आणि कस्टर्ड घट्टच होत नाही, मग लोक आच वाढवतात आणि ते फुटतं. तिथे सहा बलक घ्यायचे. उलट आख्ख्या अंड्याच्या स्पंजमध्ये बलक किंचित कमी आणि पांढरं किंचित जास्त असल्याने मला काही वाईट दिसलं नाही, वहिनींच्या आठ अंड्यांच्या स्पंजवरून तरी.

भावाचं पण बोलून टाकतो कारण वहिनींचा शेवटचा प्रश्न तोच होता, की आता सहाच्या जागी आठ अंडी, मग केकचा भाव वाढवू का? आधी अंड्याचा भाव वजनावर काढा म्हटलं. समजा बारीक अंड्यांचा ट्रे १८० ला मिळतोय, सहा रुपये नग, आणि ५४ ग्रॅमवाला ट्रे २१० ला, सात रुपये नग. बारीक स्वस्त वाटतं. पण बारीक अंड्यात माल ३८.७, म्हणजे शंभर ग्रॅमला साडेपंधरा रुपये. मोठ्यात माल साडेसत्तेचाळीस, शंभर ग्रॅमला पावणेपंधरा. स्वस्तवालंच महाग पडलं. ३०० ग्रॅममागे फरक दोन-अडीच रुपयांचा, त्यासाठी केकचा भाव काय वाढवायचा, पण आठवड्याला पाच-सहा ट्रे घेणाऱ्या बेकरीला तो दिसतो. दुकानदाराला विचारून त्यांनी आता मोठ्या अंड्यांचा ट्रे वेगळा ठेवायला लावलाय, आणि तो आला की आधी आख्खा ट्रे काट्यावर जातो, मागच्या वेळी १६२० भरला.